अनुभव धागा: आठवड्यापूर्वी घेतलेल्या फोनची रेंज जाते, दुकानदाराला मेसेज कसा लिहावा?

सुमेधा_क
आज एका नातलगांचा मेसेज वाचला आणि जुनं सगळं आठवलं. त्यांनी दुकानदाराला लिहिलं होतं, "नवीन फोनला रेंज येत नाही, बदलून द्या." उत्तर आलं, "सिम खराब असेल, कंपनीला विचारा." विषय तिथेच संपला. अशा मेसेजला हे उत्तर येणारच, कारण रेंज जायची कारणं तीन: टॉवर, सिम आणि फोन. पहिली दोन कारणं आपणच खोडून मेसेजात लिहिली नाहीत, तर तिसऱ्यावर कुणी येतच नाही. कुणी काय लिहिलं, कशाने काम झालं, ते इथे सांगा.

रानपाखरू
अदलाबदल!! एवढंच करा. आपलं सिम दुसऱ्याच्या फोनात, दुसऱ्याचं आपल्या. दोन्ही फोन एकाच टेबलावर, तासभर तरी. बाकी नंतर लिहिते, कुकर लागलाय.

जुना_मिस्त्री
रानपाखरूताईंचं बरोबर. त्यात दोन गोष्टी जोडतो. दुसऱ्याचं सिम वेगळ्या कंपनीचं असेल तर उत्तम, म्हणजे एका कंपनीच्या टॉवरवर खापर फुटत नाही. आणि ते सिम नव्या फोनच्या दोन्ही स्लॉटमध्ये आळीपाळीने घालून बघा. एकाच स्लॉटमध्ये रेंज जात असेल आणि स्क्रीनवर 'No SIM' दिसत असेल, तर बहुधा ट्रे किंवा त्याचे पिन. दोन्ही स्लॉटमध्ये, दोन्ही कंपन्यांची रेंज जात असेल आणि दुसऱ्या फोनात तीच सिम नीट चालत असतील, तर संशय अँटेनावर किंवा मोडेमवर.

स्क्रीनवर नेमकी कोणती अक्षरं येतात तेही मेसेजात लिहा. 'No service' म्हणजे फोनला टॉवरच सापडत नाही. 'Emergency calls only' असेल तर बहुतेकदा टॉवर सापडलाय, पण तो आपल्याला आत घेत नाही. तेव्हा आधी सिम आणि कंपनी तपासा, दुकानात नंतर जा.

नीलिमा७
कांड्यांचा फोटो काढून पाठवायचा. जुन्या फोनला चार, नव्याला एक. दुकानदाराला लगेच पटतं.

जुना_मिस्त्री
@नीलिमा७ फोटो पाठवा, पण कांड्यांच्या भरवशावर राहू नका. किती सिग्नलला किती कांड्या दाखवायच्या हे प्रत्येक फोन बनवणारा आपापलं ठरवतो. खरा आकडा सेटिंगमध्ये असतो. बऱ्याच अँड्रॉइडमध्ये 'About phone' मध्ये जाऊन 'SIM status' उघडलं की 'Signal strength' दिसतं, पुढे डीबीएम लिहिलेलं. आकडा उणे असतो. फोर-जीवर -९० च्या आसपास चांगलं, -११० च्या खाली रडतखडत, -१२० च्या आसपास तुटायला लागतं.

उदाहरण घ्या. तेच सिम, तोच टेबल, दोन्हीकडे फोर-जी. दुसरा फोन -९७ दाखवतो, नवा -११८. फरक २१. हा आकडा दर १० ला दहापट बदलतो, म्हणजे नव्या फोनला शंभराव्या हिश्श्याहूनही कमी सिग्नल मिळतोय. असा फरक पुन्हापुन्हा दिसला तर ती जागेची कुरबुर नव्हे. मात्र पाच-सहाचा फरक दिसला तर सोडून द्या, तेवढं जागच्या जागीही हलतं. फोन हातात धरू नका, टेबलावर ठेवून वाचा. आणि एकीकडे थ्री-जी, दुसरीकडे फोर-जी असेल तर ती तुलना धरू नका.

पावसाळी_ढग
माझाही फोन असाच करतो, घरात वायफाय सारखं तुटतं. तीन वर्षं झाली घेऊन. बदलून मिळेल का?

सुमेधा_क
@पावसाळी_ढग दादा, वायफायचं वेगळं असतं, ते राउटरपासून बघावं लागेल. आणि तीन वर्षांनी बदलून मिळणं कठीण. वेगळा धागा काढा ना, तिथे नक्की सांगू.

अमोल_त
एवढं कशाला? सेटिंगमध्ये नेटवर्क 'फोर-जी फक्त' करा, रेंज जायची थांबते.

काउंटरवाला
मोबाइलच्या दुकानात काम करतो म्हणून सांगतो. अमोलभाऊ, काही वेळा थांबते, खरं आहे. फाइव्ह-जी आणि फोर-जीमध्ये उड्या मारताना तुटत असेल तर. पण मग ते अपडेटने सुटण्यासारखं असू शकतं, आणि मूळ दोष झाकला जाऊन बदलून द्यायची मुदत निघून जाते. शिवाय त्या सिमवर फोर-जीवरून कॉल चालू नसेल तर फोन येणंच बंद होईल. करून बघा, काय झालं ते मेसेजात लिहा, पण तिथे थांबू नका.

आमच्या बाजूने सांगायचं तर पहिल्या मेसेजात बिलाचा फोटो आणि आयएमईआय हवा. *#06# दाबलं की येतो. तो नंबर नसेल तर मला पुढे कंपनीच्या माणसाला काहीच विचारता येत नाही. आणि तो नंबर रिकामा किंवा नुसती शून्यं दिसली, तर आधी तेच लिहा. तो बिघाड फोनचाच, सिमवर कुणी ढकलू शकत नाही.

रानपाखरू
आले. हा घ्या मेसेज, नावं-तारखा आपापल्या घाला:

"नमस्कार दादा. गेल्या सोमवारी तुमच्याकडून घेतलेल्या फोनची रेंज सारखी जाते. बिल आणि आयएमईआयचा फोटो सोबत आहे. स्क्रीनवर 'No service' येतं. विमान मोड चालू-बंद केला की रेंज परत येते, थोड्या वेळाने पुन्हा जाते. हेच सिम त्याच खोलीत दुसऱ्या फोनात तासभर नीट चाललं. दुसऱ्या कंपनीचं सिम या फोनच्या दोन्ही स्लॉटमध्ये घातलं, तरी तसंच. आकड्यांचे स्क्रीनशॉट वेळेसकट जोडले आहेत. अपडेट केलं, नेटवर्क सेटिंग रीसेट केलं, कव्हर काढून पाहिलं. फोन पडलेला नाही, भिजलेला नाही. खोका, चार्जर, केबल सगळं आहे. फोन बदलून हवा आहे. उद्या संध्याकाळी घेऊन येऊ का? बदलायची शेवटची तारीख कोणती, तेही कळवा."

शेवटचं वाक्य गाळू नका. तारीख लेखी आली की नंतर वाद होत नाही.

नीलिमा७
नेटवर्क रीसेटने फोटो जातात का हो? भीती वाटते.

रानपाखरू
@नीलिमा७ नाही गं. वायफायचे पासवर्ड आणि ब्लूटूथच्या जोड्या जातात. फोटो, नंबर राहतात.

अमोल_त
मग पूर्ण फॅक्टरी रीसेटच करून न्यावा. दुकानात तेच सांगतात.

जुना_मिस्त्री
मला ते आधी करणं पटत नाही. रीसेटनंतर दोन दिवस बरं चालतं आणि मुदत सरते, असंही होतं.

काउंटरवाला
आमच्याकडे सर्व्हिस सेंटर आधी रीसेट केलाय का हेच विचारतं, म्हणून मी करून या म्हणतो. स्क्रीनशॉट आधी दुसरीकडे पाठवून ठेवा, म्हणजे पुरावा राहतो. आणि फोन हातचा सोडण्याआधी बॅकअप घ्या, खातं काढून टाका. खातं न काढता रिकव्हरीतून फोन पुसला तर तो पुढे जुनाच पासवर्ड मागतो.

सुमेधा_क
आणि दुकानदाराने सर्व्हिस सेंटरला पाठवलं तर?

काउंटरवाला
जा, पण जॉबशीट घेतल्याशिवाय परत येऊ नका. त्यावर तक्रार 'रेंज अधूनमधून जाते' अशी लिहून घ्या. नुसतं 'नेटवर्क चेक' लिहिलं तर दहा मिनिटं बघून 'दोष आढळला नाही' लिहून परत देतात. अधूनमधूनचा दोष तेवढ्यात दिसत नाही. फोन दिवसभर ठेवून घ्या म्हणावं.

पावसाळी_ढग
राउटर बंद-चालू केला, जरा बरं वाटतंय. वेगळा धागा उद्या काढतो.