मदत हवी आहे: सभेचं इतिवृत्त किती लांब लिहावं?

नवा_सचिव: नाशिकला गंगापूर रोडला आमची सोसायटी आहे. यंदा सचिवपद माझ्या गळ्यात पडलंय. परवा कमिटीच्या मीटिंगला गच्चीच्या वॉटरप्रूफिंगवरून दीड तास जुंपली. कोण काय बोललं ते सगळं लिहिलं, तर सहा पानं झाली! अध्यक्ष म्हणतात अर्ध्या पानात ठराव लिहून मोकळे व्हा. विरोध करणाऱ्या काकांना त्यांचं बोलणं शब्दशः हवंय. कुणाचं ऐकू?

पंचवटीकर: ठराव, सूचक, अनुमोदक. संपलं. जास्त लिहिलं की तेच उद्या अंगाशी येतं.

हिशोबताई: पंचवटीकर, मागचं इतिवृत्त कायम करण्यासारख्या विषयाला हे चालेल, तिथे दोन ओळी पुरे. पण पैसे खर्च होतात तिथे कारण हवंच. सचिव, कोटेशनं किती आली आणि कोणतं घेतलं?

नवा_सचिव: तीन. सगळ्यात स्वस्त १,८५,००० चं, जुन्या कोब्यावरच कोटिंग, हमी १ वर्ष. आम्ही घेतलं २,४०,००० चं, कोबा उखडून नवा, हमी ५ वर्षं. बाजूने ५, विरोधात काका एकटे. त्यांचं म्हणणं, सिंकिंग फंड आत्ता मोडू नये.

हिशोबताई: मग असं लिहा: "तीन कोटेशनं वाचून दाखवली. किमान दराच्या कामात जुना कोबा तसाच राहणार असल्याने व हमी १ वर्षाचीच असल्याने ते नाकारले. २,४०,००० रुपयांचे कोटेशन ५ विरुद्ध १ मतांनी मंजूर. श्री. अमुक यांचा विरोध. कारण, सिंकिंग फंड आत्ता वापरू नये." त्याखाली सूचक-अनुमोदक. तिन्ही कोटेशनं फाइलला लावा. ऑडिटला पहिला प्रश्न येतो तो स्वस्त का सोडलं हाच, आणि अध्यक्षांच्या अर्ध्या पानात नेमकं तेच गळतं.

काकांचं भाषण नको, पण त्यांचा विरोध नावानिशी हवा. कमिटीच्या निर्णयाची जबाबदारी सगळ्यांवर सामायिक असते. सहकार कायद्याप्रमाणे ज्याचा विरोध इतिवृत्तात नोंदलाय, तो त्यातून सुटतो. तो गाळलात तर काका उगाच अडकतील.

सिडकोवाला: आमच्याकडे तर वॉचमनच्या पगाराचाच ठराव सापडत नाहीये. रजिस्टर जुन्या सचिवांच्या घरी, आणि ते गेले पुण्याला. काय करायचं?

पंचवटीकर: त्यासाठी वेगळा धागा काढा हो.

नवा_सचिव: ताई, मसुदा घेतला, पाऊण पानात बसला. एकच अडलंय. काका भर मीटिंगमध्ये म्हणाले, "खजिनदारांनी कमिशन खाल्लं." हे लिहू का?

हिशोबताई: मी तरी ते वाक्य लिहिणार नाही. काकांनी लेखी तक्रार दिली, तर "तक्रार मिळाली, खुलासा मागवला" एवढंच.

पंचवटीकर: इथे मात्र मला पटत नाही. उद्या खरं निघालं तर म्हणतील, सचिवांनी दाबलं.

हिशोबताई: म्हणूनच लेखी मागा म्हणतेय. काका देतील का, ते तुम्हीच बघा.