तव्यावरचं व्हेज सँडविच: कडेला काळं, मधे पांढरं, खाली लगदा

खिचडीवाला: रूमवर फक्त पोळीचा लोखंडी तवा आहे. हिरवी चटणी, काकडी, टोमॅटो, उकडलेला बटाटा घालून सँडविच केलं तर ब्रेडचे कोपरे करपतात, मधे पांढरं राहतं आणि खालची स्लाइस ओली होऊन तुटते. बजेट ३०० रुपये.

निवांत_काका: सरळ इलेक्ट्रिक ग्रिलर घे. मी १८०० ला घेतला, रेषा पण उमटतात.

खिचडीवाला: काका, ३०० 🙏

डब्यातलं_जग: तव्यावर स्टीलची पट्टी आडवी ठेवून बघ, मधे फट दिसली ना की कळलं. पोळीचा तवा खोलगट असतो, ब्रेड नुसता कडांवर टेकतो आणि मधला भाग अधांतरी, मग भाजणार कसा? डोशाचा सपाट तवा हवा, नाहीतर सँडविच आधीच चार तुकड्यांत कापून एकेक भाज, तुकडा लहान असला की टेकतो.

मऊसूत: झाकण ठेव, आतून पण गरम होतं. मी रोज ठेवते.

डब्यातलं_जग: आणि वाफ कुठे जाणार? ब्रेडमधेच. झाकण नको, वर पाण्याचं पातेलं दाबून ठेव, गॅस मंद, दीडेक मिनिटाने उलट. ओलेपणाचं म्हणशील तर लोणी बाहेरून लावतात सगळे, आतून विसरतात. आतल्या दोन्ही बाजूंना अगदी कडेपर्यंत लावायचं, चटणी त्याच्यावर, म्हणजे पाणी ब्रेडमधे उतरत नाही. चटणी चमच्यातून घसरत असेल तर वाटताना मूठभर डाळं घाल. टोमॅटो बटाट्यांच्या मधे, मीठ अगदी शेवटी, आधी टाकलंस की काकडी पाणी सोडते.

मऊसूत: माझं झाकण ठेवून पण छान होतं 🤷 आणि लोणी नाही, तूप. लोण्याने डाग पडतात.

डब्यातलं_जग: तुपाचं बरोबर आहे. लोण्यातलं दूध आधी करपतं, त्याचेच ते काळे ठिपके. बाहेरून तूप, आतून लोणी.

निवांत_काका: आमच्या वेळी दादरला गाडीवाला कोळशावर चिमटा धरून भाजायचा, त्याची चव तुमच्या तव्याला नाही. बीट नसलेलं सँडविच मुळात सँडविचच नाही.

उपाशी_इंजिनिअर: लोणी आतून लावा +१. आणि झाल्यावर ताटात ठेवू नका, खालून घाम येतो. मी चाळणीवर ठेवतो.

खिचडीवाला: सगळ्यांना थँक्स. पट्टी ठेवून बघितली, मधून चक्क काडी जाते. नवा तवा नाही घेतला. शेवटी स्लाइस अर्ध्या कापून दोन्ही बाजूंनी कोरड्याच भाजल्या, गार झाल्यावर लोणी लावून भाज्या भरल्या. ओलं झालं नाही. बटाटा गारच राहिला, पण मला चालतं.

मऊसूत: अरे मग हे टोस्ट झालं, ग्रिल कुठे?

निवांत_काका: ग्रिलरची लिंक टाकू का?