मदत हवी आहे: जाहिरातीत ५० मिमी 'एसटीएम' लेन्स, छायाचित्रात मात्र जुनी वाटते, विक्रेत्याला पाठवायचे पत्र तपासून द्याल का?

डोंगरवाट

नमस्कार. माझ्याकडे कॅननचा १५०० डी हा कॅमेरा आहे आणि त्यासाठी मी ईएफ ५० मिमी एफ १.८ एसटीएम ही लेन्स पाहत आहे. एका विक्रेत्याने 'न वापरलेली, खोकाबंद, वॉरंटीसह' अशी जाहिरात दिली आहे. तिच्यात तीन छायाचित्रे आहेत. पहिले कंपनीच्या जाहिरातीतून उचललेले आहे, हे उघड दिसते. उरलेली दोन त्याने स्वतः काढलेली असावीत; पण समोरून काढलेल्या चित्रात कड्यावरची अक्षरे पुसट आहेत आणि '१:१.८' नंतर तीन अक्षरे मावतील एवढी जागा मला दिसत नाही, तर बाजूने काढलेल्या चित्रात मागचे झाकण लावलेलेच आहे. याच मापाचे 'टू' नावाचे जुने मॉडेल होते, त्यामुळे शंका आली. पुढील पत्र पाठवावे का?

'महोदय, आपण जाहिरातीत दाखवलेली लेन्स अस्सल आहे का? तिला वॉरंटी आहे का? कृपया कळवावे.'

सदाफुली

छायाचित्र मोठे करून आतल्या पात्या मोजा. जुन्या मॉडेलला पाच पात्या होत्या आणि एसटीएमला सात आहेत, त्यामुळे पत्र लिहिण्याची गरजच पडणार नाही.

अंधारखोली

सदाफुली, पात्यांची संख्या तुम्ही बरोबर सांगितलीत, पण त्या या छायाचित्रात दिसणार नाहीत. ईएफ लेन्सचे छिद्र कॅमेऱ्याच्या विजेवर चालते आणि लेन्स कॅमेऱ्यावरून काढली की ते सहसा पूर्ण उघडे असते, म्हणजे पात्या कडेला आत सरकलेल्या असतात. त्यांची खूण लेन्सच्या चित्रात नव्हे, तर लेन्सने काढलेल्या चित्रात सापडते. एफ ११ ला रात्रीचा रस्त्यावरचा दिवा टिपला, तर पाच पात्यांच्या लेन्समध्ये त्याला दहा किरण फुटतात आणि सात पात्यांच्या लेन्समध्ये चौदा.

डोंगरवाट, तुमच्या पत्राची अडचण अशी आहे की त्यातल्या दोन्ही प्रश्नांना 'हो' एवढेच उत्तर देता येते. जुनी 'टू' हीसुद्धा अस्सल कॅननचीच लेन्स आहे, त्यामुळे विक्रेता खोटे न बोलताही तुम्हाला चुकीची वस्तू देऊ शकेल. 'अस्सल का' असे न विचारता 'हेच मॉडेल का' असे विचारा आणि उत्तर शब्दांत न मागता छायाचित्रांत मागा. दोन्ही झाकणे काढून समोरून आणि मागून चित्रे मागवा. मागचे चित्र अधिक महत्त्वाचे, कारण 'टू'चे माउंट प्लास्टिकचे होते आणि २०१५ साली आलेल्या एसटीएमचे धातूचे आहे. मात्र धातू दिसला म्हणजे काम झाले असे नाही, कारण जुन्या लेन्ससारख्या दिसणाऱ्या इतर कंपन्यांच्या लेन्सनाही धातूचे माउंट असते. म्हणून समोरचे कडेही हवे. एसटीएमच्या फिल्टरचा व्यास ४९ मिमी आहे आणि 'टू'चा ५२.

रविवारची_सायकल

४९? माझ्या ५० मिमी एसटीएमला मी ४३ मिमीचा फिल्टर लावतो आणि तो घट्ट बसतो. मग माझी लेन्स नकली समजायची का?

अंधारखोली

तुमचा कॅमेरा मिररलेस असेल, तर काळजी नको. तुमची आरएफ ५० मिमी आहे. तीही एफ १.८ आणि तीही एसटीएम, पण व्यास ४३ मिमी. ती १५०० डी वर बसतच नाही. बरे झाले तुम्ही विचारलेत, कारण पत्रात 'ईएफ' ही दोन अक्षरे लिहायलाच हवीत, हे त्यावरून लक्षात येते.

जुना_रोल

एवढा खटाटोप कशाला? खोक्यावरचा अनुक्रमांक मागवा आणि कंपनीच्या ग्राहकसेवेला कळवा. क्रमांक खरा निघाला की माल खरा.

सदाफुली

त्यात एक फट राहते. क्रमांक खरा असू शकतो आणि खोके दुसऱ्याच लेन्सचे असू शकते. खोके आणि लेन्स शेजारी ठेवून, दोन्हींवरचे क्रमांक वाचता येतील असे एकच छायाचित्र मागवावे.

वॉरंटीबद्दल मला माझ्यावरून सांगावेसे वाटते. मी घेतलेल्या फ्लॅशबरोबर वॉरंटी कार्ड मिळाले होते. पण ते दुकानदाराने स्वतः छापलेले होते आणि बिलावर अनुक्रमांक नव्हता. सातव्या महिन्यात फ्लॅश बंद पडला, तेव्हा सेवा केंद्राने कार्ड परत केले आणि दुकानदाराने फोन उचलणे सोडले. त्यामुळे 'वॉरंटी आहे का' यापेक्षा 'वॉरंटी कोणाची' हा प्रश्न आधी विचारावा.

अंधारखोली

अगदी बरोबर. बाहेरच्या देशातून परस्पर आणलेला माल अस्सल असतो, पण भारतातली वॉरंटी त्याला मिळेलच असे नाही. त्याची खूण खोक्यावर सापडते. २०११ च्या आवेष्टित वस्तूंच्या नियमांनुसार आयात वस्तूच्या वेष्टनावर आयातदाराचे नाव व पत्ता, मूळ देश आणि कमाल किरकोळ किंमत छापलेली असावी लागते. ती पट्टीच नसेल, तर माल कोणत्या वाटेने आला, हे विक्रेत्याला स्पष्ट विचारा.

डोंगरवाट

सर्वांचे आभार. पत्र नव्याने लिहिले असून आजच पाठवतो आहे.

'महोदय,

आपल्या जाहिरातीत कॅनन ईएफ ५० मिमी एफ १.८ एसटीएम असा उल्लेख आहे. परंतु आपण काढलेल्या छायाचित्रांवरून हेच मॉडेल असल्याची खात्री पटत नाही. कृपया दोन्ही झाकणे काढून, कड्यावरची अक्षरे वाचता येतील असे समोरचे आणि माउंट दिसेल असे मागचे छायाचित्र पाठवावे. लेन्स व खोके यांच्यावरील अनुक्रमांक आणि आयातदाराची पट्टी दिसेल असे आणखी एक छायाचित्र हवे आहे.

वॉरंटी उत्पादकाची भारतातील आहे की आपल्या दुकानाची, ती बिलाच्या तारखेपासून मोजली जाईल का, आणि बिलावर लेन्सचे पूर्ण नाव व अनुक्रमांक लिहून मिळेल का, हे कृपया लेखी कळवावे. लेन्स जाहिरातीतील मॉडेलची न निघाल्यास ती परत घेताना येणारा कुरिअरचा खर्च कोण सोसेल, हेही कळवावे.'

अंधारखोली

पत्र चांगले झाले आहे. लेन्स खोकाबंद असल्याने तिने काढलेले चित्र तुम्ही मागितले नाहीत, हेही योग्यच, कारण ते पाठवण्यासाठी विक्रेत्याला ती वापरावी लागली असती. तसे तर झाकणे काढलेल्या छायाचित्रांसाठीही खोके उघडावे लागणार आहे. पण बाजूचे छायाचित्र त्यानेच काढलेले असेल, तर खोके आधीच उघडलेले आहे. लेन्स हातात आल्यावर मात्र एक चित्र काढून संगणकावर ही आज्ञा चालवा.

```
exiftool -LensModel IMG_0001.JPG
```

उत्तरात `EF50mm f/1.8 STM` असे यायला हवे. फाइल थेट कार्डावरून घ्या. व्हॉट्सॲपवरून आलेल्या चित्रातून ही नोंद निघून जाते.

डोंगरवाट

तीन दिवसांनी उत्तर आले. मागच्या छायाचित्रात माउंट धातूचे आहे आणि समोर ४९ हा आकडा स्वच्छ वाचता येतो, त्यामुळे मॉडेलची शंका फिटली. आयातदाराची पट्टी मात्र चित्रात नाही आणि वॉरंटीबद्दल 'एक वर्षाची आहे, निश्चिंत राहा' एवढेच लिहिले आहे. कोणाची, हा प्रश्न मी पुन्हा पाठवला आहे. उत्तर येईपर्यंत पैसे भरलेले नाहीत.

जुना_रोल

धातू आणि ४९ दोन्ही जुळले, मग मी असतो तर घेऊन टाकली असती. एवढ्या साध्या लेन्समध्ये वर्षभरात बिघडण्यासारखे काय असते?

सदाफुली

फ्लॅश घेताना मीही हेच म्हटले होते.