मदत हवी आहे: परतावे तेच, काढलेली रक्कम तीच, तरी शिल्लक वेगळी का येतेय?

निनाद_के
डोकं फिरायची वेळ आलीय. बाबा महिनाअखेरीस निवृत्त होतायत. 50 लाख म्युच्युअल फंडात टाकून दरवर्षी 4 लाखांचं एसडब्ल्यूपी लावायचं, म्हणजे तेवढ्याची युनिट विकून पैसे खात्यात येत राहतील, असा बेत आहे. वितरक म्हणाला, सरासरी साडेसात टक्के धरलेत तरी मुद्दल जवळपास तसंच राहतं. मी एक्सेलमध्ये सहा वर्षांचे परतावे टाकून बघितलं, 29.37 लाख उरले. मग गंमत म्हणून तीच यादी उलटी केली, तर 48.90 लाख! आकडे तेच, फक्त क्रम उलटा. सूत्रात नक्की कुठे चुकतंय? शुक्रवारी फॉर्म द्यायचाय, लवकर सांगा.

सांगलीकर
सूत्रच दिलं नाहीस तर चूक कुठली काढू? आणि परतावे कुठले धरलेस?

जुना_बँकर
चूक आहेच. गुणाकारात क्रम बदलला तरी उत्तर बदलत नाही, हे आम्हाला चौथीत शिकवलं होतं. सरासरी एकच तर शिल्लक एकच. एखादा सेल हलला असेल, बघा.

निनाद_के
सेल हललेला नाही, तीनदा बघितलं. परतावे: उणे 25, उणे 10, 5, 15, 25, 35. सरासरी बरोब्बर साडेसात.

आकडेमोड
निनाद, 4 लाख वर्षाच्या सुरुवातीला काढतोस की शेवटी? बाबांना वर्षभर खर्चाला पैसे हवेत, म्हणजे सुरुवातीलाच निघणार. आधीची शिल्लक B मध्ये आणि परतावा C मध्ये -25% असा टक्क्याच्या चिन्हासकट असेल तर असं कर:

```
=(B2-4)*(1+C2)
```

बँकरसाहेब, तुमचा चौथीचा नियम बरोबर आहे, पण तो पैसे न काढणाऱ्याला लागू. 4 च्या जागी 0 टाकलं की दोन्ही क्रमांत 68.77 लाखच येतात.

निनाद_के
शेवटी काढत होतो. सुरुवातीला काढल्यावर 27.87 आणि 47.40. म्हणजे फरक तसाच! साडेएकोणीस लाख गेले कुठे?

कोथरूडची_मीनल
अरे, सुरुवातीला बाजार पडला तर चांगलंच की! स्वस्तात युनिट मिळतात. माझी एसआयपी 2008 पासून आहे, सेन्सेक्स 21 हजारांवरून 8 हजारांवर आला तेव्हाही बंद केली नाही. आज मजेत आहे. बाबांना घाबरू नका म्हणावं.

सांगलीकर
मीनलताई, तुम्ही घेत होतात. हे विकणार आहेत. पडलेला भाव तुमच्यासाठी लॉटरी, यांच्यासाठी खड्डा.

आकडेमोड
सांगलीकरांनी नेमकं धरलं. निनाद, रुपये विसर, युनिट मोज. एनएव्ही, म्हणजे एका युनिटचा भाव, 100 धर, म्हणजे 50,000 युनिट. पहिल्या वर्षी दोन्हीकडे 4,000 युनिट विकली जातात, तिथे फरक नाही. दुसऱ्या वर्षी पडत्या क्रमात, म्हणजे तुझ्या मूळ यादीत, एनएव्ही 75 असते, त्यामुळे तेच 4 लाख मिळवायला 5,333 युनिट विकावी लागतात. चढत्या क्रमात एनएव्ही 135 झालेली असते, तिथे 2,963 त भागतं. तिसऱ्या वर्षी एकीकडे 67.50 भावाने 5,926, दुसरीकडे 168.75 भावाने 2,370.

सहा वर्षांत बाबा दोन्हीकडे 24 लाखच काढतात. पण पडत्या क्रमात 29,737 युनिट जातात आणि चढत्यात 15,539. सहाव्या वर्षाअखेर एनएव्ही दोन्हीकडे 137.54. मग 20,263 युनिटांचे आणि 34,461 युनिटांचे किती होतात ते तूच गुण. पुढे 25 आणि 35 टक्क्यांची वर्षं आली खरी, पण ती भोगायला युनिटच उरली नव्हती.

एक्सेलमध्ये "विकलेली युनिट" असा एक रकाना वाढव. फंडाच्या स्टेटमेंटमध्येही तो असतो, दरवेळी वाढत चाललेला दिसला की समजायचं.

जुना_बँकर
मान्य, माझी चूक. पण म्हणूनच सांगतो, सरळ ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 30 लाख टाका. दर तिमाहीला व्याज खात्यात. एनएव्ही नको आणि रात्रीची झोपमोडही नको.

सांगलीकर
आणि दहा वर्षांनी तेच व्याज घेऊन भाजी आणायला जा. माझे आजोबा अख्खी पुंजी ठेवीत ठेवून बसले होते. मुद्दल शाबूत होतं, पण औषधांचं बिल आलं की काका लोकांनी वर्गणी काढायची.

कोथरूडची_मीनल
बरं, निवृत्तीनंतर पुंजीतून 4 टक्के काढायचा नियम आहे ना? 50 लाखांवर 4 लाख म्हणजे बसतंय की.

आकडेमोड
4 लाख म्हणजे 50 लाखांचे 8 टक्के झाले, ताई. शिवाय तो नियम विल्यम बेंगन यांनी 1994 मध्ये अमेरिकेच्या आकड्यांवरून मांडला, 30 वर्षांची निवृत्ती आणि महागाईप्रमाणे वाढती उचल धरून. निनादचे 4 लाख तर सहाही वर्षं 4 च राहतात, खरं आयुष्य याहून कडक असतं.

निनाद_के
थिअरी नको, करू काय ते सांगा.

आकडेमोड
एक मार्ग तपासून बघ. 12 लाख बाजूला ठेवीत ठेव, फंडात 38 च टाक. पहिली तीन वर्षं खर्च ठेवीतून, चौथ्यापासून फंडातून. ठेवीचं व्याज सोडून देऊ. पडत्या क्रमात शेवटी 32.35 लाख उरतात, म्हणजे साडेचार लाख जास्त. चढत्या क्रमात मात्र 47.40 ऐवजी 43.73. म्हणजे हा विमा आहे आणि त्याचा हप्ता भरावा लागतो.

सांगलीकर
यात जादू काय? बाजारात कमी पैसे टाकले म्हणून कमी बुडाले. 12 लाख वेगळ्या डब्यात ठेवा नाहीतर सगळं मिळून तेवढंच प्रमाण ठेवा, गणित तेच.

आकडेमोड
बरंचसं तेच आहे, नाकारत नाही. डबा मला माणसासाठी आवडतो. बाजार पडल्यावर "आता काय विकायचं" हा प्रश्न घरात उठत नाही. पण डबा संपेपर्यंत बाजार सावरला नाही तर? जपानचा निक्केई 1989 च्या अखेरीस गाठलेल्या उंचीवर परत यायला 2024 उजाडलं. तिथे तीन वर्षांचा डबा पुरला नसता. पडत्या वर्षी 4 ऐवजी 3 लाखांत भागवता येईल का, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. निनाद, बाबांना पेन्शन आहे का?

दुपारची_झोप
एसडब्ल्यूपीवर कर कसा लागतो? इक्विटी फंडात वर्षाला सव्वा लाखापर्यंतचा दीर्घकालीन नफा करमुक्त ना? की प्रत्येक हप्त्याला वेगळा?

निनाद_के
पेन्शन आहे, महिना 38 हजार. सांगायचं राहिलं. हे 4 लाख आजीची मदतनीस आणि फ्लॅटच्या हप्त्यासाठी. हप्ता अजून अडीच वर्षं आहे.

सांगलीकर
आत्ता सांगतोयस?!

जुना_बँकर
अहो, मग हप्त्याचा भाग अडीच वर्षांनी संपणार! व्याजदर किती आहे? मुदतीआधी फेडून टाकलंत तर?

आकडेमोड
मग माझे सहाही वर्षांचे आकडे बदलतील. हप्ता किती आणि मदतनीसेचे किती, फोडून टाक. अडीच वर्षांचे हप्ते ठेवीत घालून ठेवलेस तर फंडातून काढायचं कदाचित निम्मंही उरणार नाही. फॉर्मवर शुक्रवारी सही करायलाच हवी, असं कोण म्हणतंय?

निनाद_के
वितरकच म्हणतोय. बाबांना विचारून आकडे टाकतो, ते आत्ता आजीला घेऊन दवाखान्यात गेलेत.

दुपारची_झोप
माझ्या करावर कोणी बोलेल का?