प्रतिसाद: मथळ्याबद्दल संपादकांना पत्र

> "बातमी बरोबर आहे पण मथळा दिशाभूल करणारा, मग पत्रात नक्की काय लिहायचं?"

बातमीदाराला दोष देऊ नका, मथळा बहुतेक वेळा डेस्कवरचे उपसंपादक देतात. मी मागे असं पत्र पाठवलं होतं, मथळा होता 'गोळीमुळे धोका दुप्पट' आणि आत पाचव्या परिच्छेदात लिहिलेलं की १०,००० जणांत १ ऐवजी २ जणांना त्रास झाला. म्हणजे दुप्पट हे खोटं नाहीच, पण नुसता मथळा वाचून कोणी गोळी बंद केली तर? मला खरंच काळजी वाटली.

मी तारीख, पान आणि मथळा जसाच्या तसा लिहिला, खाली त्यांच्याच बातमीतलं ते वाक्य उतरवलं, कारण स्वतःच्या छापील वाक्याशी वाद घालता येत नाही. मग पर्यायी मथळाही सुचवला, 'गोळीचा धोका १०,००० मागे १ वरून २'. शेवटी विनंती एवढीच, की छापील अंकात खुलासा द्यावा आणि वेबसाइटवर मथळा बदलून खाली दुरुस्तीची नोंद ठेवावी, गुपचूप बदलला तर आधी वाचलेल्यांना कळतच नाही हो.

विषयात 'दुरुस्तीची विनंती' असं स्पष्ट लिहा, नाहीतर ते वाचकांच्या पत्रांत छापून मोकळे होतात आणि मथळा तसाच राहतो.