मदत हवी आहे: मेलमधलं कौतुक खरं की टोमणा, कसं ओळखायचं?

बुधवारचा_मेल
मंडळी, जरा मदत करा. आमची टीम चार देशांत विखुरलीये. मागच्या बुधवारी मी सगळ्यांना मेल टाकला की शुक्रवारी संध्याकाळी रिलीज करू, त्यातच डेटाबेसचा बदल पण जाईल. टेस्टिंगच्या ब्रिटिश लीडचं दोन ओळींचं उत्तर आलं, "ब्रिलियंट. अ डेटाबेस चेंज ऑन अ फ्रायडे इव्हनिंग. व्हॉट कुड पॉसिबली गो राँग?" मी आपला खूश, लगेच थँक्स लिहून टाकलं, वर "नथिंग विल गो राँग" असंही. शनिवारी लॉगिन बंद पडलं आणि सोमवारी हे साहेब मीटिंगमध्ये म्हणाले मी तर आधीच विरोध नोंदवला होता. कुठे नोंदवला होता?? मला अजून तो मेल वाचला तरी कौतुकच दिसतं.

खोचकराव
हाहाहा, बॉस तू त्याच्या टोमण्याला थँक्स म्हणालास. उलट टोमणा मारायचा असेल तर "ॲज पर माय लास्ट मेल" पासून सुरुवात कर.

बुधवारचा_मेल
अहो टोमणा मारायचा नाहीये, ओळखायचाय.

स्मायलीवाला
सोपं आहे, टीमला नियम करून द्या की गंमत असेल तर स्मायली टाकायचाच. स्मायली नाही म्हणजे सीरियस. स्मायलीचा जन्मच त्यासाठी झालाय.

जुना_खलाशी
जन्माचं बरोबर आहे. 1982 मध्ये कार्नेगी मेलनच्या बुलेटिन बोर्डवर कुणीतरी लिफ्टमध्ये पारा सांडल्याची थट्टा केली, काहींनी ती खरी धरली, त्यावर स्कॉट फालमननी गमतीपुढे :-) लावा असं सुचवलं. पण नियम चालणार नाही, कारण असा कोरडा विनोद करणाऱ्याला खूण लावली की मजाच गेली असं वाटतं. शिवाय चीनमधले बरेच तरुण सहकारी साधा हसरा चेहरा 🙂 कुत्सित म्हणून वाचतात, म्हणजे तिथे तुमचा नियम उलटाच पडेल.

धागाकर्ते, तुम्हाला आलेला मेल परत वाचा. तो अक्षरशः खरा धरला तर टेस्टिंगवाल्या माणसाला शुक्रवारी संध्याकाळी डेटाबेस बदल आवडतो असं मानावं लागेल. बिघडलं तर शनिवार कुणाचा जातो? त्याचाच. मग तो खूश का होईल? मी आधी हेच बघतो, शब्द आणि लिहिणाऱ्याचा फायदा-तोटा जुळतो का. दुसरं म्हणजे खरं कौतुक करणारा काय आवडलं ते सांगतो, "रोलबॅकची पायरी चांगली घातलीस" वगैरे. याने तुमचाच प्लॅन तुम्हाला परत ऐकवला, नेमका धोक्याचा भाग निवडून. आणि शेवटचा प्रश्न उत्तरासाठी नव्हताच, तुम्ही उत्तर दिलंत तिथेच गाडी घसरली.

त्याला मात्र वाटलं असणार की मी स्पष्ट बोललो. 2005 मध्ये क्रूगर, एप्ली वगैरेंचा प्रयोग छापून आला होता, मेलमधला उपरोध समोरच्याला कळेल असं लिहिणाऱ्यांना साधारण 78 टक्के वेळा वाटत होतं, कळला 56 टक्के. नुसता छापा-काटा केला तरी 50 येतात! लिहिताना आपला सूर आपल्या डोक्यात वाजत असतो, कागदावर तो उतरतच नाही.

डाउटवाली
माझं उलटंच झालेलं. मी जर्मन सहकाऱ्याला लिहिलं "आय हॅव अ डाउट अबाउट युवर डिझाइन", मला फक्त एक गोष्ट विचारायची होती. त्याने तीन पानी समर्थन पाठवलं, बिचाऱ्याला वाटलं माझा त्याच्या डिझाइनवर विश्वासच नाही. आपण शंका विचारतो त्याला तिकडे क्वेश्चन म्हणतात हे तेव्हा कळलं.

बुधवारचा_मेल
@जुना_खलाशी पटलं. पण मग उत्तर काय द्यायचं? "तुम्ही गंमत करताय का" विचारलं तर बावळट दिसतो.

जुना_खलाशी
गमतीबद्दल विचारूच नका, निर्णयाबद्दल विचारा. "शुक्रवारच्या डेटाबेस बदलाची तुम्हाला काळजी वाटतेय असं मी धरतो. तो सोमवारी सकाळी घेऊ का, बाकी रिलीज शुक्रवारीच?" तो खरंच खूश असेल तर नाही, चालू दे म्हणेल, कुणाचाच अपमान नाही.

स्मायलीवाला
पण हे सगळ्यांना सीसी ठेवून? माझ्या मते एकट्याला विचारावं, नाहीतर तो चारचौघात अडचणीत येतो.

जुना_खलाशी
नाही पटत. त्याने सगळ्यांसमोर लिहिलंय, बाकीच्यांपैकी पण कुणीतरी ते कौतुक म्हणून वाचलं असेलच. त्यांना कोण सांगणार?

बुधवारचा_मेल
आत्ताच नवीन प्लॅनवर दुसऱ्या मॅनेजरचा मेल आला, नुसतं "क्वाइट गुड". आता हे काय समजू?

डाउटवाली
अमेरिकन असेल तर खूपच छान, ब्रिटिश असेल तर ठीकठाक. कुठला आहे?

बुधवारचा_मेल
मूळचा लंडनचा, गेली बारा वर्षं बॉस्टनमध्ये.

खोचकराव
फोन कर.