मदत हवी आहे: सव्वा वर्षाच्या मुलाला घरी टबात पाणी खेळू द्यायचं आहे. पाणी किती, टब कुठला?

चिंचोका:
मुलगा १५ महिन्यांचा आहे. धरून उभा राहतो, चार-पाच पावलं टाकतो आणि धपकन बसतो. उन्हाळ्यात दुपारी त्याला बाल्कनीत पाणी खेळू द्यावं असा विचार आहे. घरात दोन गोष्टी आहेत: कपडे भिजवायचा पसरट टब (व्यास साधारण ४५ सेंमी, काठ १५ सेंमी) आणि २० लिटरची बादली. बादली उंच असल्यामुळे तो आत चढू शकणार नाही, बाहेर उभा राहून हात घालून खेळेल, म्हणून तीच बरी वाटते आहे. पाणी किती घ्यावं? खेळायला काय द्यावं? मोठा भाऊ साडेतीन वर्षांचा आहे, तोही बरोबर असेल.

पाणकोंबडी:
बादली अजिबात नको. तो आत चढू शकत नाही हे खरं, पण वाकू शकतो, आणि धोका तिथेच आहे. या वयात बाकी शरीराच्या मानाने डोकं जड असतं. तळातलं खेळणं घ्यायला मूल काठावरून वाकलं की तोल पुढे जातो, डोकं खाली आणि पाय वर होतात. उंच, निमुळत्या बादलीत हात टेकून स्वतःला वर ढकलायला जागाच मिळत नाही, आणि पाणी भरलेली बादली जड असल्यामुळे कलंडतही नाही. अशा वेळी आरडाओरडा होत नाही. तोंड पाण्यात असल्यावर आवाज निघणार कसा?

पसरट टब घ्या. ४५ सेंमीच्या टबात दोन सेंमी पाणी म्हणजे साधारण तीन लिटर. बाटलीने मोजून ओता, अंदाजाने नको, कारण पसरट भांड्यात पाणी नेहमी कमी दिसतं आणि आपण आणखी ओतत जातो. ओतण्या-चाळण्याच्या खेळाला एवढं पाणी पुरतं. मूल टबात बसलं की पातळी वर चढते, त्यामुळे आत बसवणार असाल तर दोन लिटरच घ्या.

गुलबक्षी:
मला वाटतं काळजी थोडी जास्त होते आहे. दोन सेंमी पाण्यात काय होणार? पाणी घोट्याच्या खाली ठेवलं की तुम्ही शेजारच्या स्वयंपाकघरातून लक्ष ठेवू शकता. बसवण्यासाठी ती तळाला चिकटणारी गोल बैठकही मिळते, मूल त्यात घट्ट राहतं.

पाणकोंबडी:
पाणी कमी ठेवायचं हे तुमचं बरोबर आहे, पण कमी पाणी ही लक्ष ठेवण्याच्या जागी येणारी गोष्ट नाही. नाक-तोंड बुडण्याइतकं पाणी, म्हणजे तीन-चार सेंमीही, पालथ्या पडलेल्या लहान मुलाला पुरेसं असतं. घसरून गोंधळलेलं मूल दर वेळी मान उचलेलच असं नाही. म्हणून अंतराचा नियम एकच: तुमचा हात न उठता मुलाच्या दंडाला लागला पाहिजे. टबाच्या शेजारी जमिनीवरच बसा.

बैठकीवर तर भरवसा टाकूच नका. तिच्या चकत्या खडबडीत किंवा साबणाने बुळबुळीत झालेल्या तळाला सुटतात, बैठक मुलासकट कलंडते आणि पाय त्यात अडकतात. हाताला बांधायच्या फुगीर पट्ट्यांचंही तेच, त्या सुरक्षेची साधनं नाहीत. दारावरची घंटा वाजली, फोन आला, दूध उतू गेलं, तर मुलाला उचलून बरोबर न्यायचं. "भाऊ बघतोय" हे लक्ष ठेवणं नव्हे, साडेतीन वर्षांचा मुलगा स्वतःच लहान आहे.

आळूचंपान:
आमची मुलगी चार महिन्यांची आहे, तिला अंघोळीला टबात किती पाणी घ्यावं? मानेखाली हात कसा धरायचा?

पाणकोंबडी:
तो प्रश्न वेगळा आहे, नवा धागा काढा, तिथे सविस्तर बोलू. इथली मापं तिला लावू नका, ती अजून स्वतः बसत नाही.

ओसरी:
बाल्कनीबद्दल लिहायचं राहतं आहे. टब कठड्यापासून दूर, भिंतीकडे ठेवा. खेळ संपल्यावर पालथा घातलेला टब म्हणजे मुलाला चढायला पायरी होते, म्हणून तो घरात आणायचा. फरशी भिजली की या वयात चालताना हमखास घसरतात. टबाखाली आणि चारी बाजूंना जुनी जाड चादर किंवा रबरी पायपुसणी पसरा. चादर चिंब झाली की तीही सरकते, मग बदला. वॉशिंग मशीन किंवा जोडवायर त्याच बाल्कनीत असेल तर बटण बंद करून प्लग काढून ठेवा.

पाण्याची गंमत अशी की उन्हाळ्यात थंड नळाला येणारं पहिलं पाणी भाजण्याइतकं गरम असू शकतं, टाकीचे पाइप उन्हात तापलेले असतात. थोडं वाहू द्या, मग टबात घेऊन कोपर बुडवून बघा: गरमही नाही, गारही नाही, असं लागलं पाहिजे. टब उन्हात ठेवून आधीच भरू नका. जागा सावलीचीच हवी, आणि भर दुपारपेक्षा सकाळ किंवा उन्हं उतरल्यावरची वेळ बरी.

चिंचोका:
बादली रद्द. खेळण्यांचं काय? घरी पाण्यात फुगणारे रंगीत मणी आहेत, मोठ्याला फार आवडतात.

पाणकोंबडी:
ते मणी घरातूनच काढून टाका. गिळलेला मणी आतड्यात फुगत जातो आणि वाट अडवतो. मूल उलट्या करायला लागेपर्यंत कोणाला कळत नाही, आणि एक्सरेत ते सहसा दिसतही नाहीत. गिळल्याची नुसती शंका आली तरी लगेच दवाखान्यात न्यायचं.

द्यायचं ते साधंच: दोन प्लॅस्टिकचे कप, एक मग, एक चाळणी, लाकडी चमचा. टॉयलेट पेपरच्या रिकाम्या नळकांड्यातून जी वस्तू आत जाते ती १५ महिन्यांच्या मुलासाठी लहानच समजा. स्पंज नको, दातांनी तुकडे तोडतात. दाबल्यावर पिचकारी मारणारी रबरी बदकं आतून वाळत नाहीत, भोकातून काळी बुरशी बाहेर येते. ती नकोतच.

आणि कप दिला की मूल पाणी पिणार. पिण्याचंच पाणी भरा, साबण किंवा जंतुनाशक घालू नका. एखाद-दुसरा घोट चालेल, पण कपच्या कप पीत असेल तर कप काढून चाळणी द्या. लहान अंगात खूप पाणी गेलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं.

ओसरी:
किती वेळ? पंधरा-वीस मिनिटं. ओठ निळसर दिसले, अंगावर काटा आला, हनुवटी थरथरली की त्याआधीच थांबा. नाका-तोंडात पाणी जाऊन ठसका लागला आणि दोन-चार मिनिटांत ओसरला तर ठीक. खोकला थांबत नसेल, श्वास जोरात चालत असेल किंवा मूल सुस्त वाटलं तर वाट न बघता डॉक्टरांकडे.

पाणकोंबडी:
सगळ्यात निसटती वेळ शेवटची असते. मुलाला पुसायला आत नेतात, टब भरलेला राहतो, आणि दुसरं मूल तिथेच असतं. क्रम असा ठेवा: धाकट्याला उचलून कडेवर घ्यायचं, मोकळ्या हाताने टब लगेच कलंडायचा, मोठ्याला पुढे घालून मग आत जायचं. तीन लिटरच सांगितले त्याचं हेही एक कारण, तेवढं एका हाताने सहज ओतता येतं.

गुलबक्षी:
बैठकीचं पटलं. पण दोघांना एकच टब द्यायचा की दोन? एकात भांडतात, मोठा धाकट्याच्या डोक्यावर पाणी ओततो.

ओसरी:
दोन द्यावेत असं मला वाटतं, एकमेकांना लागून ठेवून.

पाणकोंबडी:
माझं मत वेगळं आहे. मोठं माणूस एकटं असेल तर एकच टब, म्हणजे नजर एकाच जागी राहते. ओतणं सुरू झालं की मोठ्याकडचा मग काढून चाळणी द्यायची. दोन मोठी माणसं असतील तर दोन टब, आणि कोण कोणाकडे बघतंय हे आधी मोठ्याने बोलून ठरवायचं. नाहीतर दोघांनाही वाटतं दुसरा बघतोय.

चिंचोका:
दुपारी मी एकटीच असते, म्हणजे एक टब. धाकट्याला आत बसवू की बाहेर?

ओसरी:
आत. बाहेर उभा राहिला तर काठावर भार देऊन टबच उलटवेल.

पाणकोंबडी:
धरून उभं राहणाऱ्याला मी बाहेर, पण बसवूनच खेळवेन. काठ १५ सेंमीचाच आहे, बसल्या बसल्या हात तळाला पोचतो. आत असला की मध्येच उभा राहतो आणि ओल्या प्लॅस्टिकवर पाय घसरतो. आधी कोरड्या टबाजवळ पाच मिनिटं बसवून बघा, तो बसून राहतो की काठ धरून उठतो. उठत असेल तर ओसरी म्हणतात तसं आत बसवा, पाणी दोन लिटर आणि तुमचा एक हात त्याच्या पाठीशी.